पट्टी कुणी बांधली?

सोडून गेलेला नवरा परत यायचं म्हणत होता आणि भाची महिनाभर हो की नाही, काहीच बोलत नव्हती. शेवटी ती टॅरोचे पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्या मावशीकडे गेली.

"मला नेमकं काय अडवतंय?"

मावशीनं एकच पान काढलं, दोन तलवारींचं. डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली बाई, दोन्ही हातांत धरलेल्या तलवारींची छातीवर फुली, पाठीमागे समुद्र.

"बांधून घातलंय बिचारीला," भाची म्हणाली.

"कुणी? हात तर बांधलेले नाहीत. पट्टी तिनंच बांधलीय. दिसलं तर एक तलवार खाली ठेवावी लागेल ना."

"दोन्ही सारख्याच जड आहेत, मावशी."

"तलवारी म्हणजे विचार. ते तू तोलत बसलीयस. मन म्हणजे तो समुद्र, त्याच्याकडे पाठ केलीयस. तिथं काय आहे?"

भाचीनं चाचपून बघितलं. राग नव्हता, मायाही नव्हती.

"काहीच नाही गं. तो आला काय, न आला काय."

"मग अडलंय कुठं?"

"हे त्याला सांगायचं कसं? अजून एक पान काढ ना."

"उत्तर मिळाल्यावर काढलेलं पान म्हणजे पट्टीवर पट्टी." मावशीनं पत्ते आवरले.

टेबलावर भाचीचा फोन पालथा पडला होता. आल्या आल्या तिनंच तो तसा ठेवला होता.