गुडघ्यातली फाटलेली गादी

त्या वर्षी कापसाचा भाव पडला आणि दिग्रसची जिनिंग मिल अर्धा दिवसच चालायला लागली. मिलमधला फिटर संघदीप आणि ट्रॅक्टरवाला गुलाबसिंग मग रोज संध्याकाळी मोकळ्या आवारात व्हॉलीबॉल खेळत. एकदा उडी मारून खाली येताना संघदीपचा पाय पिळला आणि गुडघा वाकलेलाच अडकला. काही केल्या सरळ होईना.

"लिगामेंट गेलं तुयं," गुलाबसिंग म्हणाला. "मोठ्या खेळाडूचंच जाते ते."

कळा येत असूनही संघदीपला जरा बरं वाटलं. भेटायला येईल त्याला तो तेच सांगायचा.

यवतमाळला हाडांच्या डॉक्टर शुभदाताईंनी गुडघा तपासून एमआरआय काढायला सांगितला. फिल्म मिळाल्यावर गुलाबसिंगनं ती दवाखान्याच्या खिडकीशी धरली आणि मोबाइलमधल्या चांगल्या गुडघ्याच्या चित्राशी ताडून पाहिली.

"अबे, या चित्रात मागं एकच काळा पट्टा हाय. तुयात दोन हायेत! एक लिगामेंट जास्तीचं घेऊन जन्मला तू. म्हनून एवढा उडतं!"

आत गेल्यावर त्यानं हेच डॉक्टरांनाही ऐकवलं. त्यांनी हसू दाबत फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली.

"वरचा पट्टा म्हणजे मागचं लिगामेंट. ते चांगलं आहे. त्याच्या खालचा पट्टा लिगामेंट नाहीच, तो गादीचा तुकडा आहे. दोन हाडांच्या मध्ये गादी असते, तिला मेनिस्कस म्हणतात. तुमची आतल्या बाजूची गादी फाटली आणि तिचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मधोमध अडकलाय. म्हणून पाय सरळ होत नाही."

"अन् पुढचं लिगामेंट?" संघदीपनं आशेनं विचारलं.

"ही काळी रेघ बघा, इथून इथपर्यंत सलग आहे. तुटलं असतं तर मधेच खंड पडला असता, सुजून पांढुरकं दिसलं असतं. एकदम ठणठणीत आहे."

"थोडंसं तरी तुटलं असन ना, मॅडम?"

"अजिबात नाही."

संघदीपचा चेहरा पडला. "आता गावात काय सांगू? गादी फाटली म्हनून? लोक म्हनतीन, जाय, शिवून आन."

"तेच तर करायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "दुर्बिणीनं तुकडा जागेवर बसवायचा आणि जमलं तर शिवायचा. उशीर नको. आणि काही महिने खेळ बंद."

ऑपरेशन झालं, टाके बसले, पाय सरळ झाला. परतीच्या एसटीत संघदीप एकच शब्द पुटपुटत राहिला, 'मेनिस्कस, मेनिस्कस.' कुबड्या टेकत तो आवारात आला आणि तो शब्द सगळ्यांना ऐकवला, तेव्हा जिनिंगचा चौकीदार रामधन म्हणाला, "हे काय लिगामेंटपेक्षा मोठं असते का?"

संघदीप उत्तर जुळवत होता, तेवढ्यात गुलाबसिंग बोलला, "लय मोठं! लिगामेंट नुसतं तुटते. याले टाके घालायले यवतमाळले जा लागते."

संघदीपनं गंभीरपणे मान हलवली आणि बसायला खुर्ची मागवली.