टेकायची जागा

जुने-खराब फोटो रिटच करून देणाऱ्या भाऊंच्या दुकानात माणसं यायची ती पासपोर्ट फोटोपुरती. बसा, हनुवटी वर, झालं. उरलेला दिवस भाऊ आणि कॉम्प्युटर, दोघंच. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं इतकं आटलं होतं, की बहिणीचा फोन आला तरी आधी घसा खाकरावा लागे. एकटेपणा त्यांना खात होता, पण हे सांगायचं कुणाला? कामात मात्र महाशय नाकावर माशी बसू देत नसत.

एक दिवस एक काकू आल्या त्या मोबाइलमधला एक उभा फोटो घेऊन. फोटोत माणूस नव्हताच. खरबरीत गिलाव्याची भिंत आणि तिला लावून ठेवलेला लाकडी बाक, बस्स. घर विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने त्या भिंतीला रंगही देऊन टाकला होता. आता मुलाकडच्या खोलीत, पलंगासमोर, काकूंना तीच भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत छापून हवी होती. का, ते भाऊंनी विचारलं नाही. विचारायची सवयच मोडली होती.

उभ्या फोटोचा आडवा करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना नसलेली भिंत बनवायची. भाऊंनी एआयला कामाला लावलं. त्याने बाक लांबवला, भिंत पसरली, पण डोकं काही चालवलं नाही. तेच खड्डे, तीच भेग, पुन्हा पुन्हा. शिवाय एका दमात एवढा मोठा भाग भरल्यामुळे नवी भिंत पिठूळ झाली, आणि खरी भिंत संपते तिथे एक धुरकट पट्टा उमटला.

भाऊ हात धुऊन मागे लागले. सांध्यावर दोन्हीकडची थोडी थोडी भिंत निवडून लहान लहान तुकडे पुन्हा भरून घेतले. खऱ्या फोटोत होता तसा बारीक कणीदारपणा नव्या भागावर चढवला. सारखे दिसणारे खड्डे वेगवेगळ्या ठिकाणचा गिलावा आणून मोडले. तुकडा उलटा लावायची सोय नव्हती, कारण उजेड डावीकडून होता आणि खड्ड्याची सावली लगेच चुगली करते. शेवटी चित्र तळहाताएवढं करून पाहिलं, कारण लहान केलं की नक्कल पटकन डोळ्यांत भरते. बाकाच्या वर तीन काळपट डाग दिसले, एका रांगेत, अगदी एकाच साच्याचे. भाऊ चुकचुकले आणि त्यांनी तिन्ही साफ केले.

नमुना बघायला काकू आल्या. सांधा कुठे आहे ते भाऊंनाही सापडलं नसतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. काकूंनी कागदावर बाकाच्या वर तळहात ठेवला, सरकवला, पुन्हा मागे आणला.

"इथे ह्यांचं डोकं असायचं," त्या म्हणाल्या. "रोज टेकून बसायचे. तेलाचा डाग पडला होता. तो कुठे गेला?"

तीन डागांतला एक खरा होता. दोन नकला पुसण्याच्या नादात त्यांनी अस्सल माणूसच पुसून टाकला होता. मूळ फोटो जपून ठेवलेला आहे, आत्ता परत आणतो, असं ते घाईघाईने सांगत सुटले. कितीतरी दिवसांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते.

डाग पुसण्याआधीची फाइल उघडली, तर तिन्ही डाग समोर. काकू पडद्याजवळ वाकल्या. मग मधल्या, खऱ्या डागाच्या शेजारच्या डागावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा राहू दे," त्या म्हणाल्या. "मी कधी बसलेच नाही त्यांच्याशेजारी. सारखं आपलं काहीतरी काम."

भाऊंना नाही म्हणवेना आणि हो म्हणणं पटेना. तो डाग तसाच ठेवला तर तिथेही तेच बसल्यासारखे दिसतील, दोघं नाही दिसणार, असं त्यांनी समजावलं. मग स्टुडिओतल्या फोटोच्या पांढऱ्या भिंतीशी स्टूल ठेवलं.

"काकू, तुमचे हे उंचीला केवढे होते?"

"माझं डोकं त्यांच्या कानाला लागायचं."

"मग बसा इथे. टेका डोकं. जरा वेळ बसा."

त्या बसल्या. डोळे मिटले. भाऊ कॉम्प्युटरकडे वळले. खरा डाग त्यांनी जिथल्या तिथे आणला. दुसरा खाली ओढला, लहान केला, भिंतीशी बसलेल्या काकूंकडे बघत बघत त्याची कड त्यांच्या अंबाड्याच्या आकाराने बदलली. तिसरा कायमचा गेला. चित्र तळहाताएवढं करून पाहिलं. आता ती नक्कल वाटत नव्हती. बाकावरून दोघंजण नुकतीच उठून गेली असावीत, असं वाटत होतं.

छापलेल्या भिंतीची गुंडाळी छातीशी धरून काकू गेल्या. पासपोर्टची पार्श्वभूमी स्वच्छ लागते, म्हणून भाऊंनी सवयीने फडकं उचललं. पांढऱ्या भिंतीवर, स्टुलाच्या वर, तेलाचा एक पुसट गोल उमटला होता.

त्यांनी फडकं खाली ठेवलं, स्टुलाशेजारी आपली खुर्ची ओढली आणि भिंतीला डोकं टेकलं.