सोमवारची गोळी

केजच्या एका फार्मसी कॉलेजात मी एकोणीस वर्षं औषधशास्त्र शिकवतो. पटावर साठ, हजर बावीस, आणि त्यातल्या निम्म्यांना फक्त मेडिकल दुकानाच्या लायसन्सशी मतलब. पण या बहाद्दरांनाही माझा एक धडा कायम लक्षात राहतो, सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमचा. कारण तो मी गुळावर शिकवतो.

जंतूला वाढायला फोलेट लागतं. ते फोलेट म्हणजे गूळ समजा. जंतूचं स्वतःचं गुऱ्हाळ असतं. बाहेरचा तयार गूळ त्याला सहसा आत घेता येत नाही. सल्फा हे उसासारखं दिसणारं चिपाड. ते चरकात अडकलं की गाळप थांबतं. तरी थोडाफार गूळ निघतोच. तो वापरायचा तर ढेप चिरायला हवी, आणि ती चिरायची विळी ट्रायमेथोप्रिम धरून ठेवतं. एकेकटं औषध जंतूची वाढ रोखतं. एकाच वाटेवर लागोपाठ दोन ठिकाणी अडवलं, की बहुतेक जंतू मरतात. दोन्ही एका गोळीत घातली की झालं कोट्रायमॉक्साझोल. मग आपण का मरत नाही? तर आपल्याकडं गुऱ्हाळच नाही, आपण गूळ बाजारातून आणतो, म्हणजे जेवणातून. विळी आपल्याकडंही आहे, पण तिची घडण वेगळी. ट्रायमेथोप्रिमला ती नीट धरता येत नाही.

हे सांगून झालं की मी खडू टेबलावर ठेवतो आणि पोरांकडं बघतो. मला माझं फार कौतुक आहे.

एप्रिलमध्ये धाकट्या भावानं, नाथानं, आईला गावाकडून माझ्याकडं आणून सोडलं. आई, मनकर्णाबाई, वय अडुसष्ट. लघवीला जळजळ होत होती. तपासणीत जंतू निघाले. मी डॉक्टर नाही, पण घरात सगळे मलाच विचारतात आणि मी कधी नाही म्हणत नाही. कोट्रायमॉक्साझोल द्यायचं ठरवलं आणि तिला समोर बसवून रीतसर चौकशी केली.

"आई, कधी गोळीनं अंगावर चट्टे उठलेत? तोंडात फोड?"

"न्हाई बाबा."

"सध्या काय चालू हाय?"

तिनं पिशवीतून स्टीलची डबी काढली. आत छोट्या पिवळ्या गोळ्यांची एक पट्टी होती. "ही रक्ताची. रोज एक घेते. सोमवारी मातर..."

मी पट्टीवरचं नाव वाचलं. फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच. आणि माझा चेहरा खुलला, कारण हा तर माझा परीक्षेतला आवडता प्रश्न: रुग्ण फोलिक ॲसिड घेत असेल तर कोट्रायमॉक्साझोल निकामी होईल का? मी तिला थांबवून सांगायला लागलो. या गोळीनं काही अडत नाही आई, ऐक, जंतू बाजारचा गूळ खात नाही. मग चरक झाला, चिपाड झालं, विळी झाली. ती डोक्यावर पदर घेऊन, हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"लई हुशार जंतू हाय की," ती हसून म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. आजही कुठल्याही पेपरात त्याला पूर्ण मार्क पडतील. फक्त अडुसष्ट वर्षांच्या बाईला फोलिक ॲसिड दिलंय कुणी आणि कशासाठी, हा प्रश्न मला सुचला नाही. नाथा दोन वर्षं तिला लातूरला सांध्यांच्या डॉक्टरकडं नेत होता, हे मला माहीत होतं. दुखण्याच्या गोळ्या असतील, असं मी धरून चाललो होतो. मी कधी विचारलं नाही, कारण मला वेळ नव्हता.

मी सात दिवसांचा कोर्स दिला, सकाळ-संध्याकाळ एक. सोमवारी मी कॉलेजात असताना तिनं आंघोळ करून महादेवापुढं दिवा लावला आणि बटव्यातली दुसरी पट्टी काढली. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितलेलं औषध, म्हणून तिनं महादेवाचा वार धरला होता. त्याही गोळ्या पिवळ्या आणि छोट्याच. मेथोट्रेक्सेट, सांध्यांसाठी. रोजचं फोलिक ॲसिड याच औषधाच्या जोडीला दिलेलं होतं.

जळजळ थांबली. ती खूश होऊन गावी गेली आणि पुढच्या सोमवारी तिथंही तिनं गोळ्या घेतल्या. तीन दिवसांनी नाथाचा फोन आला.

"दादा, आईचं तोंड लई आलंय. पानी बी गिळंना."

"उन्हाळा आहे. तूप लाव."

हेही मीच बोललो. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पायांवर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हा आम्ही तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी नऊशे, हव्यात चार हजारांच्या वर. प्लेटलेट चौदा हजार, हव्यात दीड लाख. डॉक्टर बबिता मॅडमनी पिशवी ओतली, दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या आणि लघवीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीटही.

"मेथोट्रेक्सेटवर कोट्रायमॉक्साझोल? कुणी दिलं?"

"मी."

"तुम्ही काय करता?"

"हेच शिकवतो."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. फळा माझ्या डोळ्यांपुढं होताच. मेथोट्रेक्सेट माणसाची विळी घट्ट धरतं. आठवड्यातून एकदा, थोडंसं, म्हणून सांधे शांत राहतात आणि बाकी शरीर निभावून नेतं. त्यावर मी ट्रायमेथोप्रिम घातलं. एरवी त्याला आपली विळी धरवत नाही, पण आईची आधीच अर्धी धरलेली होती. वर सल्फानं मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडातून बाहेर पडू दिलं नाही. मी सांगितलेली युक्ती चोख चालली, फक्त जंतूच्या जागी आई होती. तिच्या हाडांत नवं रक्त तयार होणं थांबलं होतं. आता फोलिक ॲसिड कितीही दिलं तरी फायदा नव्हता. ढेपा पडून राहिल्या असत्या. चिरलेलाच गूळ द्यावा लागतो, फोलिनिक ॲसिड. ते दर सहा तासांनी शिरेतून सुरू झालं.

"वाचंल का?" नाथानं मला विचारलं. मॅडमला नाही, मला.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

मला काही वाटत नव्हतं. रडू नाही, भीती नाही. मी बाकावर बसून तासांचा हिशेब ठेवत होतो, सहा, बारा, अठरा. नाथानं चहा आणला, तो मी प्यायलो. प्राचार्यांचा फोन आला, पेपर तपासून झाले का. मी म्हटलं, होतील. माणूस असा कसा असतो, याचंही मला आश्चर्य वाटलं नाही. नाथा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एकदाच म्हणाला, "तुला म्हाईत न्हवतं व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता आईचे पाय चेपत बसला.

नवव्या दिवशी पांढऱ्या पेशी तीन हजारांवर गेल्या. मॅडम पहिल्यांदा हसल्या. आईच्या ओठांवरच्या खपल्या सुटत होत्या. नाथा जेवायला गेला होता. मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो.

"आई, त्या दिवशी तू म्हणत होतीस, सोमवारी मातर. पुढं काय होतं?"

"सोमवारी ही रक्ताची घ्यायची न्हाई, दुसरी घ्यायची. तेवढंच सांगायचं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं पेज गिळली. गिळताना अजून दुखत होतं.

"पयल्यांदाच माझ्याजवळ बसून एवढा येळ बोलत व्हतास," ती म्हणाली. "मधी कशाला बोलू?"