चौथा रकाना

मला चिडायला वेळ लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. एकवीस वर्षं मी अर्जाच्या खिडकीत बसतेय. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे आठवड्यातून दोनदा नर्स पाठवायची योजना आहे, तिचे अर्ज माझ्याकडे येतात. चुकलेल्या रकान्याभोवती लाल गोल काढायचा आणि अर्ज परत द्यायचा, हे माझं काम. बाहेर रांगेत मला लालपेनबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

लोक वाचत नाहीत, हे माझं ठाम मत होतं. अर्जाच्या मागे बारीक अक्षरात बावीस सूचना छापलेल्या, पण अर्ज उलटून बघेल कोण? पालथ्या घड्यावर पाणी! म्हणून मी खिडकीतूनच ओरडायचे, "कार्डावर आहे तसंच लिहा हो!" ओळखपत्राच्या कार्डावर एक नाव, अर्जावर वेगळंच, जन्मतारीख अंदाजपंचे, हा घोळ माझ्या ओरडण्यानंच आटोक्यात आला होता. त्याचा मला भारी अभिमान.

मग कार्यालयात नव्या अधिकारी मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "ताई, फसलेले शंभर अर्ज काढा. ज्या रकान्यामुळे अर्ज फसला, त्या रकान्याच्या नावापुढे एकेक रेघ मारा."

मारल्या. नावाच्या आणि तारखेच्या चुका होत्याच, पण सगळ्यांवर कडी केली चौथ्या रकान्यानं. एकेचाळीस! चौथा रकाना म्हणजे पत्ता. लोक कार्डावरचा जुना पत्ता लिहितात, नर्स तिथे जाते, दाराला कुलूप. दोनदा असं झालं की "रुग्ण आढळला नाही" असा शेरा पडतो आणि अर्ज बंद.

"सूचना तुम्हीच नव्यानं लिहा," मॅडम म्हणाल्या. "चुका तुम्हाला तोंडपाठ आहेत."

मी लिहिलं. अगदी वर, जाड अक्षरात, चौकटीत: सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात, चुकीचे अर्ज फेटाळले जातील. मॅडमना हसू आवरेना.

"अहो ताई, हे तर तुम्ही कागदावर ओरडताय!"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण पोरगी चिकाटीची. आम्ही दोघी बसलो आणि मागची बावीस कलमं काढूनच टाकली. जी सूचना ज्या रकान्याची, ती त्याच रकान्याच्या वर, कारण पेन टेकवायच्या आधी नजर तिथेच जाते. तारखेला दिवस, महिना, वर्ष अशी तीन वेगळी घरं आणि शेजारी एक भरलेला नमुना. रुग्णाचं नाव एका रकान्यात, अर्ज भरणाऱ्याचं दुसऱ्यात. चौथ्यावर लिहिलं: रुग्ण सध्या राहतो त्या घराचा पत्ता.

"झालं," मी म्हटलं.

"कुठलं झालं? आता रांगेतली पाच माणसं बसवायची, त्यांनी भरायचं आणि आपण बघायचं. मदत करायची नाही, एक अक्षर सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशेजारीच टेबल लावलं. पाचातले एक शिंपीकाका. आयुष्यभर कपडे शिवले, आता बायकोची सेवा करतात. काकूंचं कंबरेखालचं हाड मोडलंय, पडून पडून पाठीला जखम झालीय. काकांना एकट्याला त्यांना कुशीवर वळवता येत नाही. दोघं आता मुलीकडे राहतात, पण ती सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी येते. काकांचा हा तिसरा अर्ज. पहिला मीच तारखेसाठी परत दिला होता, दुसरा कुलपामुळे बंद पडला. महिनाअखेरीला यादी बंद होणार, पुढची तीन महिन्यांनी.

"तीन महिने जखम थांबणार आहे का, ताई?" सकाळीच त्यांनी विचारलं होतं.

काकांचं अक्षर टाक्यांसारखं, सरळ आणि सारखं. नाव बरोबर. तारीख बरोबर. चौथ्या रकान्याला आले. उलटं वाचायची मला सवय आहे. त्यांनी लिहिलं, मुलीचं घर, तळमजला, सायकलच्या दुकानामागे. वा! मी मनात म्हटलं, जमलं की!

तेवढ्यात खिडकीशी एक बाई नाव लिहिताना अडखळली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "कार्डावर आहे तसंच लिहा हो!"

काका दचकले. खिशातून कार्ड काढलं, बघितलं, सावकाश मुलीच्या पत्त्यावर रेघ मारली, नियमाप्रमाणे शेजारी सही केली आणि खाली तिसऱ्या मजल्यावरचं ते जुनं, बंद घर लिहिलं.

मी उठले, काकांपाशी गेले. "काका, बरोबर लिहिलं होतंत. खोडलंत का?"

"तुम्ही ओरडलात ना. गेल्या वेळीही ओरडला होतात. म्हटलं, कागदापेक्षा खिडकीतल्या बाईंना जास्त कळत असणार."

मी फसलेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. एकेचाळिसातल्या एकोणीस अर्जांत चौथ्या रकान्यात खाडाखोड होती, शेजारी सही. रेघेखालचा पत्ता स्पष्ट वाचता येत होता. मुलाचं घर, बहिणीचं घर, दवाखान्याजवळची भाड्याची खोली. लोकांनी खरं तेच लिहिलं होतं, आणि मी ते खोडायला लावलं होतं. आणि अर्ज बंद झाला की त्याच रकान्याभोवती लाल गोलही मीच काढत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तुमचं ओरडणं योग्य जागी बसवू या."

"कार्डावर आहे तसंच" हे शब्द नावाच्या आणि जन्मतारखेच्या रकान्यावर गेले, फक्त तिथेच. चौथ्यावर मी स्वतः लिहिलं: नर्सनं कुठल्या दारावर यायचं? रुग्ण आज ज्या घरात आहे, त्या घराचा पत्ता लिहा. कार्डावरचा पत्ता वेगळा असला तरी चालतो. खाली एक ओळ: जवळची खूण.

पुन्हा पाच नवी माणसं बसवली. मॅडमनी माझ्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. "ही विरघळेपर्यंत तोंड बंद." अशा सहा गोळ्या चघळल्या मी त्या दिवशी. पाचही अर्ज पहिल्या फटक्यात बरोबर! काकांना नवा कागद दिला, त्यांनी भरला, आणि महिनाअखेरीच्या आत तो यादीत गेला.

तीन आठवड्यांनी काका आले. रांगेत उभे न राहता थेट खिडकीशी. मी घाबरले, म्हटलं पुन्हा काय चुकलं?

"काल दुपारभर ही कुशीवर झोपली, ताई. नर्सबाईंनी मला वळवायची रीत शिकवली. चादर धरून, हळूच. आता मला एकट्याला जमतं."

त्यांच्या मागून एक माणूस वाकून म्हणाला, "बाई, पत्ता कार्डावरचाच लिहायचा ना?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. काकाच वळले.

"वर लिहिलंय बघा," ते म्हणाले. "त्यांनीच लिहिलंय."

त्यानं वाचलं, कार्ड खिशात टाकलं आणि लिहायला लागला.