चिमणीच्या खांद्याएवढी

पोरीचं नाव चिमणी पडलं तेव्हा ती पाच वर्षांची, मूठभर होती. आता ती पाच फूट सात इंच आहे आणि आमच्या स्टुडिओच्या मागच्या दारातून मान वाकवून आत येते. तरी आम्ही चिमणीच म्हणतो. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

त्या दिवशी ती मान वाकवून आत आली आणि माझ्या टेबलावर एक जुना फोटो ठेवून म्हणाली, "आई, मला मोठ्या आईच्या शेजारी उभं कर ना. नोकरीच्या गावी खोलीत लावायला. बाबांनी माझा उभा फोटो काढलाय, तोच घे."

मी म्हटलं, "करते." दुसरं काय म्हणणार? जोडकाम माझंच. आमचे हे फोटो काढतात आणि मी कॉम्प्युटरवर त्यांची डागडुजी करते. गेलेल्या आजोबांना नातवाशेजारी उभं करते, परदेशातल्या भावाला बहिणीशेजारी. लोक रडतात, मी पुढचं काम घेते. पण हे काम समोर आलं आणि मी उठून पाणी प्यायले.

मोठी आई म्हणजे यांची पहिली बायको. चिमणी तीन वर्षांची असताना ती गेली. दोन वर्षांनी मी आले. ताप मी काढले, वेण्या मी घातल्या, शाळेच्या बाईंची बोलणी मी खाल्ली. आणि आता परगावी जाताना हिला खोलीत लावायला कोण हवी? ती. दोन दिवसांनी पोर जाणार होती, आणि तिच्या भिंतीवर मी नसणार होते. खोटं कशाला बोलू, मला मत्सर वाटला. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा सवत म्हणून मेलेली बाई मिळवून बघावी. ती म्हातारी होत नाही, तिची भाजी करपत नाही, ती कधी कुणावर खेकसत नाही.

त्यातून ती उंच. मी पाच फूट, तेही ताठ उभी राहिले तर. लग्न होऊन आले त्या आठवड्यात नणंदबाईंनी दिवाणखान्यातल्या याच फोटोकडे हात करून सांगितलं होतं, "ती कशी याच्या कानाला लागायची. जोडा शोभायचा." पुढची वीस वर्षं त्या निमित्ताला टेकलेल्याच होत्या. मी माळ्यावरचा डबा काढायला स्टूल घेतलं की त्या सुस्कारा सोडायच्या. चिमणी उंच झाली तेव्हा तर काय, "आईवर गेली हो पोर!"

असो. कामाला बसले.

दोन वेगळ्या फोटोंतली माणसं शेजारी उभी करायची तर आधी माप हवं. दोघांच्या शेजारी ओळखीची एखादी वस्तू असली की काम सोपं. जुन्या फोटोत ती आमच्या स्टुडिओतल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. खुर्ची अजून आहे. टेप लावली, पाठीची उंची चौतीस इंच भरली. हात खुर्चीवर, म्हणजे ती आणि खुर्ची कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. त्या हिशेबाने जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजलं तर साडेपाच फूट आले. बरोबर. नणंदबाई जिंकल्या. कॅमेरा दोन्ही वेळा पोटाच्या उंचीवर होता, यांची ती जुनी सवय, त्यामुळे जमीनही जुळत होती. कॅमेरा एकदा वर आणि एकदा खाली असला तर दोन माणसं दोन मजल्यांवर उभी वाटतात.

तिला कापून चिमणीशेजारी ठेवलं. पावलं दिसत नव्हती, पुढे पानांची मोठी कुंडी होती. कुंडीसकट घेतली. खुर्ची काढून टाकली. प्रकाश जुळवला, रंग जुळवले, आणि मागे टेकून बघितलं.

काहीतरी चुकलं होतं.

चूक लगेच सापडत नाही, आधी नुसती खुपते. मी चहा करून आणला, पुन्हा बघितलं. ती चिमणीपेक्षा इंचभर बुटकी होती आणि कंबर मात्र चिमणीच्या कंबरेपेक्षा वर होती. असं नसतं. उंची कमी असेल तर कंबरही खालीच येते, थोडाफार फरक सोडला तर. डोक्यापासून कंबरेपर्यंत मोजलं. साडेबावीस इंच. कंबरेपासून जमिनीपर्यंत साडेत्रेचाळीस. एवढे पाय? बाई होती की बगळा?

दार लोटून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला टेप लावली. डोकं ते कंबर साडेबावीस. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत, तिच्याएवढंच. खांदा ते कोपर, तेही तिच्याएवढंच. वरचं अख्खं अंग माझ्या मापाचं होतं आणि खाली सहा इंच कुठून तरी जास्तीचे आले होते. ते सहा इंच कुंडीमागे होते.

मी खुर्चीत बसले आणि पाय नेहमीसारखे टेबलाखालच्या खोक्यावर ठेवले. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून काळं कापड ठोकलेलं एक लाकडी खोकं मी वर्षानुवर्षं पायाखाली घेते. मी आले तेव्हा ते मागच्या खोलीत पडलेलं होतं. पाय उचलून घेतले. वाकून खोकं बाहेर ओढलं, टेप लावली. सहा इंच.

"अहो!" मी ओरडले. "इकडे या आधी!"

हे आले. मी एक बोट खोक्याकडे केलं, एक कॉम्प्युटरच्या पडद्याकडे. यांचा चेहरा पाकीट मारताना सापडलेल्या माणसासारखा झाला.

"तिलाच हवं होतं," हे म्हणाले. "ताई बोलायची ना तिला. ठेंगणी, ठुसकी, स्टूल घेऊन फिरणारी. ती म्हणाली, एका फोटोत तरी मला उंच करा."

"म्हणजे नणंदबाई तिलाही बोलायच्या?"

"ताई घरात जी असेल तिला बोलते. गेलेली तिला उंचच आठवते."

"आणि तुम्ही वीस वर्षं गप्प? माझ्या तोंडावर ती उंची मारली जात होती तेव्हाही?"

हे खाली बघत म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही असं तिने वचन घेतलं होतं."

तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं असेल. छे! बुटकी निघाली हा आनंद जेमतेम घटकाभर टिकला. हा माणूस माझा वाढदिवस विसरतो, दूध आणायला सांगितलं तर वर्तमानपत्र घेऊन येतो, आणि तिचं सहा इंचांचं गुपित वीस वर्षं ओठांबाहेर जाऊ देत नाही! उंचीचा मत्सर संपला आणि त्याच्या जागी दुसरा, चांगला जाडजूड मत्सर येऊन बसला.

मग मी ठरवलं, खरं तेच करायचं. माझ्या कामात खोटं माप चालत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला ती खाली यायला हवी होती. कुंडी होती तिथेच ठेवून तिला सहा इंच खाली सरकवलं. कपड्यांचा घेर जिथे हवा तिथे, जमिनीला टेकला. कंबर खाली आली, खांदे खाली आले आणि डोकं चिमणीच्या खांद्याच्या जरासं वर येऊन थांबलं. खुपणं बंद झालं. दोन बायका एका जमिनीवर उभ्या होत्या.

संध्याकाळी चिमणीला बोलावलं. खोकं दाखवलं, टेप दाखवली, सगळं सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आईवर गेलेली पोर आता काय म्हणते ते मला बघायचं होतं.

खुर्ची ओढून ती पडद्यासमोर बसली. मग उठून माझ्याजवळ आली, मला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर तळवा आडवा ठेवला.

"एवढी?" ती म्हणाली. "एवढीशीच होती?"

"एवढीच."

"मला वाटायचं मी तिच्यासमोर उभी राहिले तर ती वरून बघेल. कडक असेल असं वाटायचं." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "ही तर मिठीत मावेल गं."

माझी जिरली. ती खाली येईल असं मला वाटलं होतं. ती खाली आली आणि थेट पोरीच्या कुशीत जाऊन बसली.

"आई, मग मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचाय," चिमणी म्हणाली. "तुझ्या ठेवते तसा. असा लोंबता हात नको."

नुसता हात उचलून चिकटवता येत नाही. खांद्यावर भार पडतो, बोटं कापडात रुततात, कोपर किती वाकेल हे खालचा खांदा ठरवतो. त्यासाठी हाताखाली तेवढ्याच उंचीचं कुणीतरी लागतं. हे मी मोठ्याने बोलून बसले.

"मग तूच उभी राहा की," हे कॅमेरा लावत म्हणाले. "माप तेच आहे."

माप तेच आहे! वीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याबद्दल बोललेलं सगळ्यात खरं वाक्य हे असावं. मी काहीतरी फाडकन बोलणार होते. पण चिमणी दिव्यासमोर हात पुढे करून उभी होती. मी गेले. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला, तिच्या सवयीप्रमाणे पूर्ण वजन टाकून. जुन्या फोटोसारखा दिवा डावीकडे ठेवला होता. यांनी तीन फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला पुसायला बसले. आधी चेहरा. मग केस, मान, हात. चिमणीची बोटं तेवढी ठेवली आणि त्यांच्याखाली मोठ्या आईचा खांदा सरकवला. एका केसाचाही फरक पडला नाही. पावलं गेली, चपला गेल्या, कुंडी तिच्याबरोबर आली. माझं म्हणून जे जे होतं ते सगळं गेलं.

फक्त डावीकडच्या दिव्याने मागच्या कापडी पडद्यावर पडलेली माझी सावली राहिली. तीही पुसून तिच्यासाठी नवी रंगवायची असते. मी ब्रश उचलला आणि ठेवून दिला.

चिमणी निघायच्या सकाळी फोटो छापून तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीजवळ नेऊन डोळ्यांजवळ धरून बघितला. या घरात वाढलेली पोर, तिला कामातलं कळतं.

"सगळं जमलंय," ती म्हणाली. "पण ही सावली कशी केलीस गं? अगदी खरी वाटते."

"खरीच आहे," मी म्हटलं, आणि तिची बॅग उचलायला वळले.