इंडक्शनवर चालत नाही

दीपमालाने चाकणच्या एका कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत काढली होती. तिथे ‘माल चांगला आहे’ असं कुणी लिहीत नाही. काय बिघडू शकतं ते लिहितात आणि खाली सही करतात. नोकरी सोडून ती तळेगावात सासऱ्यांची मडकी ऑनलाइन विकायला बसली आणि पहिली जाहिरातही तिने त्याच हाताने लिहिली:

‘कालवणाचं मडकं, तीन लिटर, झाकणासह. वजन अंदाजे अडीच किलो. हाताने घडवलेलं, त्यामुळे शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. पाणी प्यायल्यावर आणखी जड लागेल, घाबरू नये. आधी रात्रभर पाण्यात बुडवा, सावलीत पूर्ण वाळवा. मग तांदळाची पेज भरून मंद आचेवर तासभर उकळा, आपोआप गार होऊ द्या, आतून तेलाचा हात फिरवा. साबण नको, माती तो पिते. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतू नका, ओल्या ओट्यावर टेकवू नका. पडलं तर फुटेल. चूल, शेगडी चालेल. गॅसवर जाळी ठेवून, मंद आच. इंडक्शनवर चालत नाही.’

ऑनलाइन बाजारवाल्यांचा सुजित वाकडहून खास आला. त्याने ती वाचली.

“ताई, ही जाहिरात आहे का एफआयआर?”

“चुकलंय काय त्यात?”

“चुकलं काहीच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. ‘पडलं तर फुटेल’ कोण लिहितं? ‘नाजूक कलाकुसर’ लिहा. आणि इंडक्शनला ‘हो’ करा. ‘नाही’ केलंत तर दिवाळीच्या पानावर माल दिसणारच नाही.”

दिवाळीच्या पानाचा नमुना त्याने फोनवर दाखवला. सपाट इंडक्शन, त्यावर मडकं आणि मडक्याखाली ज्वाळा. विजेच्या शेगडीतून ज्वाळा काढण्याचं काम चित्रकाराने मनापासून केलं होतं.

सासरे अर्जुनराव भट्टीची राख झटकत येऊन बसले. अंगणात दिवाळीसाठी भाजलेल्या मडक्यांची उतरंड छातीपर्यंत आली होती. हा माल गेला नाही तर दीपमालाने पुन्हा कंपनीची बस धरायची, असं घरात ठरलं होतं.

“कर की व्हय,” ते म्हणाले. “समदेच करत्यात म्हनं.”

“मामा, माती तापत नाही त्याच्यावर.”

“तापते!” सुजितने गाडीतून इंडक्शन काढलं. विकणाऱ्यांना पटवायला तो ते बरोबरच बाळगायचा. “तुमचंच वापरातलं मडकं द्या.”

सासूबाई सुभद्राबाईंचं रोजचं, तीन वर्षं गॅसवर मुरलेलं मडकं आलं. त्यात पाणी भरलं. बटण दाबलं. यंत्र टीं-टीं करत भांडं नसल्याची खूण दाखवू लागलं.

“मग ह्ये काय हाय?” अर्जुनरावांनी यंत्राला विचारलं.

“थांबा, काका. त्याला लोखंड लागतं.” सुजितने स्टीलची चकती काढून मडक्याखाली सरकवली आणि आच एकदम शेवटच्या आकड्यावर नेली. चकती तापली. पाणी कुरकुरू लागलं. सुजितने विजयी मुद्रेने भुवया उडवल्या आणि तेवढ्यात खट् झालं. मडक्याचं बूड अर्ध्यात चिरलं, पाणी इंडक्शनवर पसरलं आणि यंत्रही गप्प झालं.

आतून सुभद्राबाई म्हणाल्या, “माझं गेलं का?”



“आच जास्त झाली,” सुजित चकती पुसत म्हणाला. “तसं लिहू. ‘हो’ करू आणि खाली बारीक अक्षरात—”

“बारीक अक्षर फुटल्यावर वाचतात,” दीपमाला म्हणाली. “कंपनीत मी मॅनेजरसमोर खराब मालाच्या ट्रॉल्या अडवल्यात, सुजितभाऊ. इथे तर माल घरचा आहे.” तिने फोन घेतला, इंडक्शनपुढे ‘नाही’ केलं आणि जाहिरात पाठवून दिली.

“दिवाळीचं पान गेलं तुमचं.”

“जाऊ दे.”

अर्जुनराव जागचे हलले नाहीत. सुजित गेल्यावर एवढंच म्हणाले, “बसचं टायमिंग बघून ठेव.”

दिवाळीचं पान आलं, ज्वाळांसकट. दीपमालाची जाहिरात त्याच्या फार मागे, कुठेतरी अडगळीत होती. आठवडाभर फोन वाजला नाही. वाजला तेव्हा ती भट्टीपाशी होती. तिने स्पीकर लावला.

पुनावळ्याच्या बाई होत्या. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या. जाहिरात आवडली, एकदम खरी वाटली, सहा मडकी हवीत, नातेवाइकांना द्यायला.

“घरी गॅस आहे ना?”

“नाही हो, आमच्या सगळ्यांकडे इंडक्शनच. पण चकती मिळते ना?”

“मग नाही देता येणार.”

“म्हणजे? मी पैसे देतेय! फुटलं तर माझं फुटेल.”

“फुटलं तर तुमचं, आणि फुटणार हे माहीत असून दिलं तर माझं. गॅसची शेगडी घ्या, मग फोन करा.”

“कमाल आहे! मला मालकांशी बोलायचंय.”

अर्जुनरावांनी हात पुढे केला. दीपमालाने फोन दिला आणि उतरंडीकडे पाहिलं. सहा मडकी म्हणजे वरची एक ओळ.

“हां, बोला बाई,” अर्जुनराव म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून हुंकारही भरला. मग घसा साफ केला.

“ती न्हाई म्हनली न्हवं? मंग न्हाई.”