चार हजार दोनशे ओळी

सर्वेशची पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधल्या बदलांचा गठ्ठा, सोमवारी सकाळी वेदिकासमोर येऊन पडली. एकसष्ट फायली, चार हजार दोनशे ओळी. खाली खुलासा एकाच वाक्याचा: ‘अलर्टचं काम आणि थोडी साफसफाई.’

रत्नागिरीत नाचणे रोडवर त्यांची पाच जणांची कंपनी होती. मच्छीमार बोटींसाठी ॲप चालवायची. वादळाचा इशारा आला की त्या टापूतल्या बोटींच्या मालकांना किनाऱ्यावर मेसेज जायचा, आणि मालक वायरलेसवरून बोट चालवणाऱ्या तांडेलाला परत बोलवायचे. कोडमधला कुठलाही बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचा नाही, असा नियम होता.

वेदिका वाचायला बसली. पहिल्या वीस फायलींत नुसत्या मोकळ्या जागा आणि बदललेली नावं. एकविसावी फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलेली, आणि जाता जाता आतूनही बदललेली. काय नुसतं हललंय आणि काय खरंच बदललंय, हे ओळखायला मार्ग नव्हता. दोन तासांनी ती तिसाव्या फायलीवर होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या दर्शनने तीच रिक्वेस्ट उघडली आणि चार मिनिटांत खाली लिहिलं, ‘मस्त! ॲप्रूव्ह.’

“तू वाचलंस?” वेदिकाने विचारलं.

“सर्वेशदादाचं काय वाचायचं?” दर्शन चहा ढवळत म्हणाला.

तिला त्याची किळस आली. मग आठवलं, गेल्या महिन्यात सर्वेशच्या अशाच एका ढिगाखाली तिनेही ‘छान’ लिहिलं होतं. काही कळलं नव्हतं म्हणूनच लिहिलं होतं. किळस तशीच राहिली, फक्त आता ती स्वतःचीही होती.

तिने लिहिलं: ‘तिसाव्या फायलीपर्यंत वाचलं. पुढचं मला समजत नाही, म्हणून मंजूर करत नाही. कृपया तुकडे करून द्या.’ आणि ‘बदल हवेत’वर क्लिक केलं.

सर्वेश खुर्चीसकट तिच्याकडे वळला. “अगो, टेस्ट सगळ्या पास आहेत. समजत नाही तर विचार, मी सांगतो.”

“तुम्ही मला सांगाल, दादा. सहा महिन्यांनी ही फाइल उघडणाऱ्याला कोण सांगणार? आणि विचारू कुठलं? चार हजार ओळी आहेत.”

“गुरुवारी बंदरावर दाखवायचंय,” कंपनीचा मालक हर्षद आतून म्हणाला. “दर्शनने केलंय ना मंजूर?”

“मग दर्शनच्या नावावर जाऊ दे,” वेदिका म्हणाली. “इशारा चुकला तर त्यालाच विचारा.”

दर्शनने चहा खाली ठेवला आणि आपली मंजुरी काढून घेतली.  

सर्वेशने दोन दिवस तोंड पाडून तुकडे केले. पहिल्यात फक्त नावं आणि मांडणी, ॲपच्या वागणुकीत काही फरक नाही. दुसऱ्यात फायली नुसत्या हलवलेल्या. तिसऱ्यात दोन सारखी दिसणारी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे भाग, एकत्र केलेली. चौथ्यात वादळाच्या टापूचं नवं गणित. प्रत्येक तुकडा आधीच्यावर उभा, प्रत्येकाच्या टेस्ट वेगळ्या चालणाऱ्या.

पहिले दोन वेदिकाने वीस मिनिटांत मंजूर केले. तिसरा पंचेचाळीस ओळींचा होता. अकराव्या ओळीवर ती थांबली.

“दादा, बोटीची शेवटची कळलेली जागा सहा तासांपेक्षा जुनी असेल तर बोट वगळायची, असं का?”

“नकाशावर जुने ठिपके साचतात म्हणून. ते आधीपासूनच आहे.”

“नकाशाच्या फंक्शनमध्ये होतं. आता अलर्टही तेच फंक्शन वापरतो.”

सर्वेश उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. लांब गेलेल्या बोटींची रेंज जाते, म्हणून त्यांचीच जागा जुनी राहते. त्यांच्याच मालकांना मेसेज गेला नसता.

“टेस्ट पास होत्या,” तो हळू म्हणाला.

“जुन्या जागेची टेस्टच नाहीये.”

त्याने फंक्शन्स पुन्हा वेगळी केली आणि रेंजबाहेरच्या बोटीची टेस्ट लिहिली. आभार मानले नाहीत, तिने अपेक्षाही केली नव्हती. सोमवारी हे तिसाव्या फायलीच्या पुढे कुठेतरी पडलेलं होतं. आपण कंटाळून हो म्हटलं असतं तर, या विचाराने तिच्या तोंडाला कडवट चव आली.

चौथा तुकडा तिने तीनदा वाचला. पृथ्वीच्या गोलाईचं ते गणित तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने लिहिलं: ‘मांडणी आणि टेस्ट तपासल्या, त्या ठीक आहेत. सूत्र मला पडताळता येत नाही. ते दमयंतीताईंनी बघावं.’ दमयंतीताई दापोलीहून काम करायच्या, नकाशांचं त्यांना कळायचं.

“म्हणजे गुरुवारी नाही?” हर्षदने विचारलं.

“गुरुवारी जुन्याच गणितावर दाखवा.”

हर्षदने कपाळाला हात लावला आणि नवं गणित नंतर दाखवतो, हे सांगायला बंदरावर फोन लावला. दमयंतीताईंचं उत्तर शुक्रवारी दुपारी आलं: सूत्र बरोबर आहे, पण ते कुठून घेतलं ते कोडमध्ये लिहा. सर्वेशने कुरकुरत सूत्राचा आधार सांगणाऱ्या तीन ओळी लिहिल्या, आणि चौथा तुकडाही मंजूर झाला.